डिलीट केलं म्हणजे विसरलं असं नाही

मराठीत विश्वासाच्या माणसाबद्दल बोलताना आपण म्हणतो, त्याच्या पोटात गोष्ट राहते. म्हणजे तो ऐकून घेतो, पण इकडचं तिकडे करत नाही. चॅटबॉटच्या पोटातही गोष्ट राहते. अडचण अशी की तिथे ती जरा जास्तच राहते. ती कुठल्या कप्प्यात जाते, किती दिवस राहते, कुणाला उघडता येते आणि तुम्ही 'काढून टाक' म्हटल्यावर खरोखर निघते का, यातलं काहीही तुम्हाला विचारून ठरलेलं नसतं.

यावर कंपन्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: नियंत्रण तुमच्याच हातात आहे, सेटिंग्जमध्ये जा आणि हवं ते बंद करा. हा लेख त्या उत्तराच्या विरोधात आहे. बटणं नाहीत असं मी म्हणत नाही. बटणं भरपूर आहेत. पण ती वेगवेगळ्या खोल्यांत लावलेली आहेत, बहुतेक आधीच चालू करून ठेवलेली आहेत आणि त्यांच्यावरच्या शब्दांचा अर्थ तुम्हाआम्हाला वाटतो तो नाही. अशा घराच्या किल्ल्या हातात देऊन 'आता घर तुमचं' म्हणणं ही सोयीस्कर मखलाशी आहे.

दुसऱ्या बाजूला एक सल्ला फुकट मिळतो: 'चॅटबॉटला खासगी काही सांगूच नका.' तोही मला मान्य नाही. रात्री दीड वाजता जीव घाबरलेला असताना, घरी सांगायची सोय नसताना आणि समुपदेशकाची फी परवडत नसताना माणसं सांगणारच. त्यांना दटावून काही होणार नाही. प्रश्न एवढाच आहे की सांगण्याआधी त्यांना काय माहीत असायला हवं होतं, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

एक गोष्ट, चार जागा

एक उदाहरण घेऊ. ही कुणी खरी व्यक्ती नाही, पण तुमच्या ओळखीत अशी कुणीतरी असेलच. नाशिकहून पुण्याला आलेली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, कॉट बेसिसवर राहणारी एक मुलगी. चॅटजीपीटीचं फुकटचं खातं. ते तिच्या फोनवर उघडं आहे आणि खोलीतल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवरही, कारण अर्ज भरायला आणि नोट्स छापायला मोठा स्क्रीन लागतो. एका रात्री ती लिहिते की तीन महिन्यांपासून अचानक छातीत धडधडतं, हात थरथरतात, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि घरी यातलं काही सांगितलेलं नाही. गोळ्यांबद्दल विचारायचं म्हणून चिठ्ठीचा फोटोही टाकते. दोन तास बोलणं होतं. मन हलकं होतं.

पंधरा दिवसांनी तिला वाटतं, हे इथे नको. ती ते चॅट डिलीट करते आणि विषय संपला असं समजते. तर आता पाहू, तिची गोष्ट कुठे कुठे होती.

पहिली जागा म्हणजे ते चॅट. ते यादीतून लगेच जातं. कंपनीच्या सर्व्हरवरून जायला मात्र 30 दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि कायदेशीर किंवा सुरक्षेचं कारण असेल तर त्याहून जास्त. शेजारी 'Archive' असंही एक बटण असतं. त्याने चॅट फक्त डोळ्यांआड होतं, पुसलं जात नाही. घाईत बरेच जण तेच दाबतात.

दुसरी जागा म्हणजे साठवलेली मेमरी. बोलण्याच्या ओघात चॅटजीपीटी काही गोष्टी 'लक्षात ठेवण्याजोग्या' म्हणून बाजूला टिपून घेतं. ही टिपणं चॅटमध्ये नसतात, त्यांची वही वेगळी असते. त्यामुळे चॅट पुसलं तरी टिपण तसंच राहतं. हे मी शोधून काढलेलं नाही, खुद्द ओपनएआयच्या मदतपानावर लिहिलेलं आहे: एखादी गोष्ट पूर्ण काढायची असेल तर मेमरीतलं टिपणही पुसा आणि ज्या चॅटमध्ये ती सांगितली तेही पुसा. म्हणजे कंपनीला माहीत आहे की 'डिलीट' एकदा दाबून भागत नाही. पण चॅट डिलीट करताना समोर जी चौकट येते तिथे हे ठळकपणे लिहून 'मेमरीही पुसू का?' असं विचारणं काही अशक्य नव्हतं. आणि मेमरीतलं टिपण पुसल्यावरही सुरक्षा आणि दुरुस्तीसाठी त्याची नोंद 30 दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते.

तिसरी जागा जास्त निसरडी आहे. 10 एप्रिल 2025 रोजी ओपनएआयने पैसे भरणाऱ्यांसाठी मेमरी वाढवली. आता उत्तर देताना फक्त टिपणंच नाहीत, तर जुनी सगळी चॅट्स संदर्भ म्हणून वापरता येऊ लागली. जून 2025 मध्ये याची हलकी आवृत्ती फुकटच्या खात्यांनाही मिळाली. टिपणांची निदान यादी तरी असते. ती उघडून एकेक ओळ वाचता येते. जुन्या चॅट्समधून काय उचललं जातं याची तशी यादी समोर ठेवली गेली नाही. आपल्या मुलीने ते एक चॅट पुसलं, पण मधल्या काळात तिने दुसऱ्या एका चॅटमध्ये लिहिलं होतं की गोळ्यांमुळे सकाळी झोप येते, अभ्यासाचं वेळापत्रक कसं बसवू? तिसऱ्यात, मुलाखतीत वर्षभराच्या खंडाबद्दल काय सांगू? ती दोन्ही चॅट्स जागेवरच आहेत. गोष्ट एकदाच सांगितली असं तिला वाटतं, पण ती तीनदा सांगून झालेली असते.

चौथी जागा म्हणजे प्रशिक्षण. सर्वसामान्यांच्या खात्यात 'Improve the model for everyone' हे बटण सुरुवातीपासून चालू असतं. म्हणजे तुमचं बोलणं पुढची मॉडेलं घडवायला वापरता येतं. नाव बघा कसं ठेवलंय. सगळ्यांसाठी सुधारणा करायला कोण नाही म्हणेल? 'तुमचं बोलणं आम्ही वापरू का?' असं लिहिलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. हे बटण बंद केलं की त्याचा परिणाम पुढच्या चॅट्सवर होतो. जे आधीच प्रशिक्षणात गेलं ते मॉडेलमधून वेचून बाहेर काढण्याची सोय वापरणाऱ्याकडे नाही. आणखी एक खाच आहे. बटण बंद असलं तरी तुम्ही एखाद्या उत्तराला अंगठा वर किंवा खाली दाखवलात, तर तो अभिप्राय आणि त्याच्याबरोबरचं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ शकतं. म्हणजे 'छान उत्तर दिलंस' म्हणणं हीसुद्धा एक संमतीच.

आता परिणाम बघा. महिनाभराने मैत्रीण तिच्या परवानगीने त्याच लॅपटॉपवर, त्याच खात्यात स्वतःसाठी अभ्यासाचं वेळापत्रक मागते. उत्तरात सकाळचे तास हलके ठेवलेले असतात आणि कारण म्हणून घबराटीचा आणि गोळ्यांचा उल्लेख येतो. कुणीही हॅकिंग केलेलं नाही, काही फुटलेलं नाही. सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं आहे. मला चीड येते ती नेमकी या गोष्टीची.

आपली घरं आणि त्यांची कल्पना

गोपनीयतेची पानं वाचताना जाणवतं, ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस, एक फोन, एक खातं असं चित्र आहे. आपल्याकडचं चित्र वेगळं असतं. फोनचा पॅटर्न धाकट्या भावाला माहीत असतो. आई ओटीपी बघायला फोन उघडते. एकाने पैसे भरून घेतलेलं खातं चौघं मित्र वापरतात आणि पासवर्ड व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये पिन केलेला असतो. ऑफिसच्या संगणकावर लॉगिन तसंच राहतं. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरताना उघडलेलं खातं बंद करायचं राहून जातं.

अशा ठिकाणी अमेरिकेतल्या कंपनीपेक्षा जवळचा धोका मोठा असतो. कंपनीतल्या कुणाला तुमच्या प्रेमप्रकरणात रस नाही. मोठ्या भावाला आहे. त्यासाठी त्याला तुमचं चॅट वाचायचीही गरज नाही. बाजूच्या पट्टीत चॅटचं शीर्षक आपोआप तयार होतं, आणि ते विषय नेमका पकडतं. पाळी चुकल्याबद्दल विचारलंत तर शीर्षकातच तसं येतं.

शीर्षकं किती बोलतात याचा अनुभव जगाने 20 मार्च 2023 रोजी घेतला. चॅटजीपीटीमधल्या एका बिघाडामुळे काही लोकांना परक्या लोकांच्या चॅट्सची शीर्षकं दिसू लागली. कंपनीला सेवा काही तास बंद ठेवावी लागली. ते परके होते म्हणून ठीक. घरात ज्याला शीर्षक दिसेल तो परका नसतो.

म्हणून सामायिक खात्यातली मेमरी ही मला सर्वांत वाईट गोष्ट वाटते. चौघांचं बोलणं एकाच वहीत जातं. कुणी कर्जाबद्दल विचारलेलं, कुणी ब्रेकअपबद्दल, कुणी मूळव्याधीबद्दल. मग वही चौघांनाही एकच माणूस समजून उत्तरं देत राहते. पैसे वाचतात हे खरं, पण प्रत्येक जण उरलेल्या तिघांच्या पोटात गोष्ट ठेवून येतो, तीही त्यांना न सांगता.

'तीस दिवस' म्हणजे किती दिवस

डिलीट केल्यावर 30 दिवसांत सगळं जातं, हे आश्वासन 2025 मध्ये काही महिने पाळलं गेलं नाही, आणि तेही कंपनीच्या मनाविरुद्ध. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर कॉपीराइटचा खटला भरलेला आहे. त्यात 13 मे 2025 रोजी न्यायालयाने आदेश दिला की जी संभाषणं एरवी पुसली गेली असती तीही पुरावा म्हणून जपून ठेवा. वापरणाऱ्यांनी पुसलेली चॅट्सही त्यात आली. कंपनीने विरोध केला, पण आदेश पाळावा लागला. नव्या चॅट्सबाबतचं हे बंधन 26 सप्टेंबर 2025 ला संपलं.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या संस्थांसाठीची 'एंटरप्राइज' आणि शिक्षणसंस्थांसाठीची 'एज्यु' खाती या आदेशातून बाहेर होती. फुकट वापरणारे आणि महिन्याला पैसे भरणारे सामान्य लोक मात्र आत होते. म्हणजे ज्यांच्याकडे वकील आणि करार होते त्यांची गोष्ट सुटली. ज्यांनी रात्री दीड वाजता दुःख लिहिलं आणि सकाळी पुसलं त्यांची अडकली. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच खटल्यात ओळख काढून टाकलेली दोन कोटी संभाषणं समोरच्या पक्षाला द्यायचा आदेश झाला. ओळख काढली म्हणजे नाव-नंबर काढला. पण तुम्ही मजकुरातच गाव, कॉलेज आणि डॉक्टरचं नाव लिहिलं असेल, तर ते सगळं पकडून झाकलं जाईल याची खात्री तुम्हाला कोण देणार?

वकिलाशी बोललेलं कायद्याने झाकलेलं असतं. मानसोपचार घेणाऱ्याला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. चॅटबॉटशी बोलण्याला असं खास संरक्षण नाही. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै 2025 मध्ये एका पॉडकास्टमध्ये हे मान्य केलं होतं. मग चॅटच्या चौकटीवर ते लिहिलेलं का नाही?

दुसऱ्या कंपन्या वापरता म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलच्या जेमिनीत तुमची चॅट्स मूळ सेटिंगनुसार 18 महिने राहतात. 'Keep Activity' बंद केलंत तरी ती 72 तासांपर्यंत ठेवली जातात. काही चॅट्स माणसं तपासतात. अशी तपासली गेलेली चॅट्स खात्यापासून तोडून तीन वर्षांपर्यंत ठेवली जातात आणि तुम्ही इतिहास पुसलात तरी ती जात नाहीत. परीक्षकाने पाहू नये असं काही लिहू नका, हे गूगल स्वतःच सांगतं, पण ते वाचायला मदतपानापर्यंत पोहोचावं लागतं. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने ऑगस्ट 2025 मध्ये नियम बदलले: प्रशिक्षणाला परवानगी दिली तर संभाषणं पाच वर्षांपर्यंत, नाही दिली तर 30 दिवस. जुन्या ग्राहकांपुढे आलेल्या चौकटीत परवानगीचं बटण आधीच चालू होतं. आणि तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये येऊन बसलेलं मेटा एआय? मित्राशी बोललेलं फक्त तुम्हा दोघांनाच वाचता येतं. मेटा एआयला लिहिलेलं मेटाला मिळतं, मग खिडकी दिसायला तीच का असेना. 16 डिसेंबर 2025 पासून मेटा एआयशी झालेल्या संभाषणांचा उपयोग तुम्हाला कुठल्या जाहिराती आणि पोस्ट दाखवायच्या हे ठरवायला मेटा करू शकते. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरियाला सुरुवातीला यातून वगळलं गेलं. भारताला नाही.

'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही'

हे वाक्य विशीतल्या तोंडात फार असतं. ठीक आहे, तुमच्याकडे नसेल. पण तुम्ही फक्त तुमचं सांगत नाही. 'माझी मैत्रीण गरोदर आहे आणि घरी सांगता येत नाही, काय करू?' यात गोष्ट मैत्रिणीची आहे. बाबांचा रिपोर्ट टाकून 'सोप्या भाषेत सांग' म्हटलं, तर आजार बाबांचा आहे. 'हिने मला असं का लिहिलं?' म्हणून व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट टाकला, तर त्यात तिचं नाव, फोटो आणि विश्वासाने लिहिलेले शब्द आहेत. या तिघांकडे कुठलंही बटण नाही. ते तुमच्या खात्यात आहेत हे त्यांना कळतही नाही.

फोटो तर लिहिण्यापेक्षा जास्त बोलतो. आपल्या मुलीने टाकलेल्या चिठ्ठीवर तिचं पूर्ण नाव आहे, वय आहे, तारीख आहे, डॉक्टरांचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे. तिला उत्तर हवं होतं ते गोळीबद्दल. त्यासाठी गोळीचं नाव पुरेसं होतं. लॅबच्या रिपोर्टवर रुग्ण क्रमांक आणि बारकोड असतो. पगाराच्या स्लिपवर पॅन असतो. प्रश्न तीन आकड्यांचा असतो आणि आपण अख्खं पान देऊन बसतो.

सांगण्याआधी

म्हणून मनातलं लिहायला बसण्याआधी काही गोष्टी बघा, आणि याच क्रमाने बघा. पडद्यावरची नावं अधूनमधून बदलतात, पण कप्पे तेच राहतात. चॅटजीपीटीपुरतं सांगतो.

सुरुवात दारापासून करा. खातं कुठे कुठे उघडं आहे? Settings मध्ये Security खाली 'Log out of all devices' आहे, ते दाबा, पासवर्ड बदला आणि फक्त स्वतःच्या फोनवर परत लॉगिन करा. सामायिक खात्यात खासगी काही लिहू नका. त्याला सेटिंगचा इलाज नाही. फुकटचं का असेना, आपलं वेगळं खातं ठेवा.

मग Data Controls उघडा आणि 'Improve the model for everyone' बंद करा. हे सांगण्याआधीच करायचं, कारण नंतर बंद करून मागचं परत येत नाही. त्याच जागी 'Shared links' ही यादीही तपासा. एखादं चॅट पूर्वी लिंक करून कुणाला पाठवलं असेल तर ती लिंक अजून उघडत असते. जुलै 2025 च्या अखेरीस अशी हजारो शेअर केलेली चॅट्स गूगलच्या शोधात सापडू लागली, कारण शेअर करताना 'शोधात दिसू दे' असा एक चौकोन होता आणि लोकांनी त्याचा अर्थ न समजता तो टिकमार्क केला होता. कंपनीने ती सोय नंतर काढली.

त्यानंतर Personalization मध्ये Memory. तिथे दोन बटणं आहेत: 'Reference saved memories' आणि 'Reference chat history'. पहिलं टिपणांच्या वहीचं, दुसरं जुन्या चॅट्सचं. बंद करण्याआधी वही उघडून शांतपणे वाचा. आपल्याबद्दल काय टिपलं गेलंय हे वाचताना बहुतेकांना दचकायला होतं. नको त्या ओळी पुसा. टिपणांचं बटण नुसतं बंद केलं तर वापर थांबतो, पण वही तशीच राहते. मग त्या ओळी ज्या चॅट्समधून आल्या ती चॅट्सही शोधून पुसा. शोधायला शीर्षकावर विसंबू नका, गोळीचं किंवा माणसाचं नाव टाकून शोधा.

आणि प्रत्यक्ष लिहिताना 'Temporary chat' वापरा. हे चॅट इतिहासात दिसत नाही, मेमरीत भर घालत नाही आणि प्रशिक्षणात वापरलं जात नाही. मात्र नावातल्या 'तात्पुरत्या'ला फसू नका: त्याचीही प्रत सुरक्षेसाठी 30 दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते. लॅपटॉपवर डोकावणाऱ्या मैत्रिणीपासून हे तुम्हाला वाचवेल, न्यायालयाच्या आदेशापासून नाही. म्हणून शेवटची काळजी सेटिंगमध्ये नाही, तुमच्या बोटांत आहे: गोष्ट सांगा, पत्ता सांगू नका. नाव, गाव, कॉलेज, डॉक्टर, फोटो यांच्याशिवायही दुःख पूर्ण सांगता येतं.

झालं काम किती? चार कप्पे, सहा-सात बटणं, दोन याद्या, आणि नंतर 30 दिवसांची वाट. हे सगळं कुणी करायचं? ज्याचा जीव आत्ता घाबरलेला आहे त्याने. आणि हे सगळं कंपनीचं कुठलंही काम न करता, तिने पसरलेलं आवरण्यासाठी.

मग मागायचं काय

2025 च्या उत्तरार्धात भारतात चॅटबॉट अक्षरशः वाटले गेले. एअरटेलबरोबर पर्प्लेक्सिटी, जिओबरोबर जेमिनी आणि नोव्हेंबरपासून वर्षभर चॅटजीपीटी गो फुकट. आपल्याला सवय लागावी म्हणून हे वाटप झालं हे उघड आहे. त्या सवयीबरोबर समज वाटायला मात्र कुणी आलं नाही.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. या कायद्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. संमती मोकळी, नेमकी, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला हवा; मराठी त्यात आहे. एक मोठी उणीवही आहे: पूर्वीच्या मसुद्यांत आरोग्य, लैंगिकता अशा संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग होता, तो अंतिम कायद्यात राहिला नाही. आपल्या मुलीची गोळ्यांची चिठ्ठी आणि तिचा मोबाइल नंबर कायद्याच्या लेखी एकाच तागडीत आहेत.

पण जे आहे तेवढ्यावरही तीन मागण्या करता येतात आणि त्या अवाजवी नाहीत. आधीच चालू असलेलं बटण ही स्पष्ट कृती नव्हे. म्हणून मेमरी आणि प्रशिक्षण दोन्ही सुरुवातीला बंद असावीत आणि ज्याला हवी त्याने चालू करावीत. 'डिलीट' दाबलं की चॅट, टिपण आणि त्यातून उचललेलं सगळं एकाच वेळी जावं, आणि जे जाणार नाही ते तिथल्या तिथे सांगावं. आणि हे सांगणं मराठीत असावं, मदतपानाच्या तळाशी नाही, तर जिथे माणूस लिहायला बसतो त्या चौकटीवर.

यात तांत्रिक अडचण आहे असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा: मुलीने पूर्वी कधीतरी सांगितलेली गोळी नेमकी ओळखून वेळापत्रकात आणता येते, आणि तीच गोळी पुसताना मात्र सापडत नाही, हे कसं?